हाक सोडून सगळं

आजोबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून सगळं समजावलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. गळ्याला समोरून कायमचं एक भोक राहणार, श्वास त्यातून घ्यायचा. जेवण पुढे तोंडाने जमेल. बोलणं मात्र बंद. गळ्याला लावायचं एक यंत्र असतं, आणखीही काही उपाय आहेत, पण ते शिकायला लागतात, आणि ह्या वयात किती जमेल ते सांगता येत नाही. काका खाली बघत बसला होता. आजी चित्राकडे बघत होती. आजोबा आपले डॉक्टरांना विचारत होते की मग विडी ओढायची तर कुठून ओढायची.

आणि मी? मी त्या केबिनमध्ये बसून मनात कॅमेरा लावत होते. आवाज जायच्या आत पकडायचा, घरासाठी जपून ठेवायचा, हा विचार मला इतका पटकन आला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. घरात निदान एक माणूस तरी डोकं शाबूत ठेवून वागतंय, असं. आज ते कौतुक आठवलं की कानशिलं तापतात.

मला सुचणं साहजिकच होतं म्हणा. मी मालाडच्या एका ऑफिसात काम करते. आम्ही शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ बनवतो. शिक्षक बोलतात, मी कापते. त्यांचं खाकरणं, अडखळणं, 'हां तर मी काय म्हणत होतो', शेजारी कुणीतरी पाडलेली बाटली, सगळं कापून टाकायचं. शिक्षक आणि धडा, एवढंच उरलं पाहिजे. ह्यात मी तरबेज आहे. वरिष्ठ म्हणतात, तुझा काप दिसतच नाही.

आजी-आजोबा घाटकोपरला भटवाडीत काका-काकूंबरोबर राहतात. मी अंधेरीहून मेट्रोने जायचे. काका-काकू दिवसभर कामावर, त्यामुळे दुपारी घरात फक्त ते दोघं आणि मी. ऑपरेशनपर्यंत जेमतेम तीन आठवडे होते आणि मी ऑफिसातून अर्धे दिवस मागून घेतले होते.

प्रश्नांची यादी मी फार मेहनतीने बनवली. अशा मुलाखतींबद्दल जेवढं सापडलं तेवढं वाचलं. ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येईल तो प्रश्न विचारायचा नाही. 'गिरणीत काम अवघड होतं का?' असं नाही, तर 'गिरणीतला पहिला दिवस सांगा, दारातून आत शिरल्यावर काय दिसलं, कसला वास आला?' सुरुवात सोप्यापासून करायची. गावचं घर, आईच्या हातचं जेवण, शाळेची वाट. माणूस मोकळा झाला की मग संप, बेकारी, गेलेली माणसं. एका बैठकीत मोजकेच प्रश्न. गप्प बसले तर लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, थांबायचं, कारण खरी गोष्ट बऱ्याचदा त्या गप्प बसण्यानंतर येते. शेवटी नेहमी विचारायचं, 'मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही असं काही आहे का?' आणि कुठलं कुणाला दाखवायचं, कुठलं घरातच ठेवायचं, हेही त्यांनाच विचारायचं.

आठवणी जाग्या करायला वस्तू लागतात. काकूने कपाटातून जुने फोटो काढून दिले. माळ्यावरच्या पेटीत एक धोटा सापडला, मागावर ताण्यातून इकडून तिकडे पळतो तो. लाकूड गुळगुळीत झालेलं, टोकांना लोखंड. मी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंबही त्याला लावून ठेवला, वासाने काही आठवलं तर आठवलं. आणि एक कोरा मोठा कागद. त्यावर गावच्या घराचा नकाशा काढायला सांगायचा, चूल कुठे, गोठा कुठे, विहीर कुठे. नकाशा काढताना माणसं आपोआप बोलतात.

"ह्या सगळा माझ्यासाठी?" आजोबांनी धोटा हातात घेत विचारलं. "मी काय मंत्री आसंय?"

"मंत्र्यांना एवढे प्रश्न कुणी विचारत नाही," मी म्हटलं.

आजीचीही मुलाखत घ्यायचं माझ्या मनात होतं. ती हसली. "माझो खय आवाज जाता? हेंचा आधी कर. माझा मागसून." मला ते बरोबर वाटलं. वेळ थोडा होता.

मग जागा. बाहेरच्या खोलीत एकच खिडकी. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो, म्हणून आजोबांची खुर्ची आडवी लावली, उजेड एका गालावर पडेल अशी. फोन आडवा, तिपाईवर, बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून घेतलं की म्हातारी माणसं आणखी लहान दिसतात. डोळे चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागात. कॅमेऱ्यात बघायचं नाही, मी कॅमेऱ्याला चिकटून बसणार, माझ्याकडे बघून बोलायचं. हात दिसले पाहिजेत, कारण विणकराचे हात. मागे देवाचा कोनाडा आणि बाजूला कॅलेंडर राहू दिलं, घर घरासारखं दिसावं म्हणून. छोटा माइक सदऱ्याला, हनुवटीपासून वीतभर खाली. फोन विमानाच्या मोडवर. आणि खरी विमानं? विमानतळावर उतरणारी विमानं घाटकोपरला छपरावरून जातात, त्यांना मोड नसतो. विमान आलं की हात वर करून मी आजोबांना थांबवायचे आणि ते शहाण्या मुलासारखे तोंड मिटून बसायचे.

पंखा बंद, फ्रिज बंद. आणि आजी बंद. हे शेवटचं मी असं म्हटलं नाही अर्थातच. मी म्हटलं, "आजी, तू थोडा वेळ आत बसशील? भांडी नको वाजवू. आणि मध्ये काही बोलू नको हं, माइक सगळं पकडतो."

"नाय बोलनंय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली.

इथे आजोबांच्या हाकेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आजोबा आयुष्यभर साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापडाचा माग. शेकडो साचे एकदम चालू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, सगळे ओरडून नाहीतर हातवारे करून बोलतात. त्या सवयीने त्यांचा आवाज घरीही मोठाच राहिला. आणि त्या आवाजाचा बहुतेक वापर एकाच शब्दासाठी व्हायचा. अगो! आजीचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी तरी ऐकलं नाही, काकानेही नाही. नुसतं अगो. त्यातला 'गो' लांब, शेवटी जरा वर चढलेला. पाणी हवं असलं की अगो, चष्मा सापडला नाही की अगो, टीव्हीवर काही विचित्र दिसलं की अगो, आणि कधीकधी काहीच नसलं तरी अगो. आजी जिथे असेल तिथून "इलंय", म्हणजे आले, म्हणायची. आली नाही तरी म्हणायची. खालच्या मजल्यावरची मुलं जिन्यात त्यांची नक्कल करायची. एक मुलगा अगो म्हणून ओरडायचा, दुसरा इलंय म्हणायचा, आणि दोघं पळून जायचे. अलीकडे घशामुळे आवाज घोगरा झाला होता, पण हाक तीच होती.

पहिल्या बैठकीतच अडचण आली. पहिला प्रश्न, गाव सोडलं तो दिवस. आजोबा छान सांगत होते. बोटीचा धक्का, डोक्यावरची ट्रंक, आईने बांधून दिलेल्या भाकऱ्या. सांगता सांगता अडले. मान डावीकडे, स्वयंपाकघराच्या दिशेने वळली आणि, "अगो! माका न्यायला इल्लो तो कोण गो? मामाचो झील?"

आतून काहीच नाही. आजीला मी गप्प बसवलेलं.

"अगो!"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "आजोबा, आजीला नका विचारू. तुम्हाला आठवेल तेवढंच सांगा. मामाचा मुलगा होता की आणखी कुणी, नाही आठवलं तरी चालेल."

"तिका म्हायत आसा."

"असू दे. ही तुमची मुलाखत आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा बोटीच्या धक्क्यापासून सुरुवात केली, आणि ह्या वेळी भाकऱ्यांचा उल्लेख गळला.

असंच चालू राहिलं. गिरणीतला पहिला दिवस, हाताखाली घेणारा मुकादम, अगो, त्या जॉबराचा नाव काय ता? संपातले दिवस, अगो, तू खानावळ कवा सुरू केलंस? उत्तर संपून तहान लागली की अगो, पाणी हाड. पंखा लावायची वेळ झाली की अगो, पंखो. कुठलंही उत्तर असो, त्याच्या शेवटी मान डावीकडे वळायची. माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाच्या अर्ध्या आठवणी त्याच्याजवळ नाहीतच, त्या त्याने आत स्वयंपाकघरात ठेवल्या आहेत. हे लक्षात आल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? आजीची खुर्ची बाहेर आणून शेजारी मांडली असती. मी काय केलं? मी आजोबांना वळण लावलं. "अगो म्हणू नका, आजोबा. पुढे पणतवंडं बघतील, त्यांना कळणार नाही कोण. 'माझी बायको' म्हणा."

"माझी बायको," आजोबा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले आणि लाजले. पुढचं वाक्य त्यांना सुचलंच नाही. आतून बांगड्या वाजल्या. आजी हसत असावी. मी हात वर करून म्हटलं, "पुन्हा एकदा घेऊ या."

किती वेळा मी पुन्हा एकदा म्हटलं! कुकरची शिट्टी, पुन्हा एकदा. विमान, पुन्हा एकदा. बायको म्हणायला विसरले, पुन्हा एकदा. दुखरा घसा घेऊन ते माझ्यासाठी पुन्हा पुन्हा गावाहून निघत होते, पुन्हा पुन्हा गिरणीच्या दारातून आत शिरत होते. संध्याकाळी मी सामान आवरायचे तेव्हा त्यांचा आवाज पार बसलेला असायचा. आजी आतून चहा घेऊन यायची, त्यांच्यासमोर बसायची. ते नुसते हाताने खुणावायचे, घसा धरून. ती म्हणायची, "गप रवा. उद्या पोरीक लागतलो." म्हणजे आवाज. उद्या पोरीला लागेल.

ती असं म्हणायची तेव्हा मी वायर गुंडाळत असायचे. आवाजाचे मोजके दिवस उरले होते आणि ते सगळे मी दुपारी वापरून टाकत होते. संध्याकाळी तिच्या वाट्याला घसा धरलेला नवरा येत होता. हे माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. ध्यानात आलं होतं. मी मनाशी म्हटलं होतं, आपण हे सगळ्यांसाठी करतोय.

रात्री अंधेरीच्या घरी येऊन मी कापायला बसायचे. एकेका प्रश्नाची एकेक क्लिप. नाव देताना प्रश्नाचा विषय आणि तारीख, म्हणजे पुढे कुणालाही सापडेल. मधले अडखळे काढले, विमानं काढली, माझा आवाज काढला. मधले सगळे अगो काढले. क्लिपचा शेवट करायची आमची ऑफिसची एक पद्धत आहे. शेवटच्या शब्दावर कचकन कापायचं नाही, त्यानंतर एक श्वास ठेवायचा आणि मग कापायचं. तसं केलं. एक श्वास ठेवला आणि मग त्यापुढचं पाणी हाड, पंखो लाव, च्याय टाक, सगळं उडवलं.

माझ्या फोनमधली जागा सारखी भरायची. क्लिप तयार झाली, घरच्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये चढवली की मी मूळ चित्रण पुसून टाकायचे. ऑफिसात कच्चं चित्रण सांभाळणारा वेगळा माणूस आहे. तो पुसू देत नाही, भांडतो. घरच्या कामाला तो नव्हता. पुसलेलं महिनाभर फोनच्या कचऱ्यात राहतं म्हणतात, पण जागा हवी म्हणून मी तो कचराही रिकामा करत होते.

शेवटची बैठक ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातली. शेवटचा प्रश्न, घरातल्या पुढच्या मुलांना काय सांगाल? मला वाटलं होतं काहीतरी मोठं येईल. आजोबा विचार करून म्हणाले, "भांडा नको. आणि पाणी जपान वापरा." पाणी जपून वापरण्याचं ऐकून मला हसू आलं. मी विचारलं, "मी विचारायला हवं होतं असं काही राहिलं का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली, मग ती मान डावीकडे गेली. "अगो! सपला गो! ये भायर!"

आजी पदराला हात पुसत बाहेर आली. मी रेकॉर्डिंग बंद केलं. काकाने फोल्डर बघून मला फोन केला, म्हणाला, "झकास केलंस गं. एकदम टीव्हीवर असतं तसं." मी दोन दिवस त्या शब्दावर खूष होते.

ऑपरेशन नीट झालं. आजोबा घरी आले. गळ्यापुढे कापडाचा लहान पडदा बांधलेला, हातात लिहायची पाटी. पाटीवर ते लिहितात, पण त्यांना कंटाळा येतो. जे पूर्वी एका शब्दात व्हायचं त्याला आता पेन शोधण्यापासून सुरुवात. गळ्याला लावायचं यंत्र एकदा दवाखान्यात लावून पाहिलं. त्यातून आलेला आवाज ऐकून त्यांनी ते परत टेबलावर ठेवलं आणि हाताने नको म्हटलं. पुन्हा विचारू, असं काकाने ठरवलंय.

बोलावायचं असलं की ते टाळी वाजवतात. दोन टाळ्या. त्या स्वयंपाकघरात पोचतात, पण आजीला त्या आपल्या वाटत नाहीत. तिचे कान अजून हाकेकडेच लागलेले. मी एक दिवस दुपारी गेले तर ती कणीक मळता मळता उठली, हात तसेच धरून बाहेर डोकावून गेली. परत बसली. थोड्या वेळाने पुन्हा उठली. गुडघे दुखतात तिचे.

"आजी, काय झालं?"

"काय नाय. बघून येतंय. हाक येनां नाय, मगे कळाचा कसा?"

दिवसभर ती अशी उठबस करते, हे काकूने मला मागाहून सांगितलं. हाक यायची तेव्हा घरात काय चाललंय ते तिला कळायचं. हाक नाही म्हणजे सगळं ठीक, असंही तिला कळायचं. आता गप्प खोली म्हणजे काहीही असू शकतं.

त्याच दिवशी, मी निघताना, तिने मला दारात गाठलं. आतल्या खोलीत आजोबा झोपले होते तरी हळू बोलली.

"गो, तू काढलंस मा हेंचा. तेतूर हेंची हाक आसा मा?"

मला एकदम कळलं. पायातली चप्पल अर्धी राहिली.

"तेवढीच माका दी," ती म्हणाली. "बाकी माका सगळा म्हायत आसा. हाक तेवढी माझ्या फोनार घाल. कधीतरी आयकान."

खरं तर तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "शोधते हं आजी." आणि जिने उतरले.

शोधलं. म्हणजे जे नाही हे मला पक्कं माहीत होतं ते शोधलं. सगळ्या क्लिपा आवाज मोठा करून ऐकल्या. खोलीचा आवाज म्हणून मी सुरुवातीला थोडा वेळ नुसती शांतता रेकॉर्ड केली होती, जोड लावायला लागते ती. तीही ऐकली. तिच्यात लांबून जाणारं विमान होतं. फोनचा कचरा रिकामा. काकाकडचे गणपतीचे व्हिडिओ पाहिले, त्यात आजोबा आहेत, पण आरतीच्या आवाजात. माझ्या बारशाची जुनी कॅसेट कुणीतरी सीडीवर उतरवून घेतली होती, मूळ आवाजाच्या जागी सनईचं संगीत चढवलेलं. वर्षानुवर्षं ज्या हाकेने जिना दणाणला ती कुठेच नव्हती, आणि जिथे होती तिथून मी ती स्वतःच्या हाताने काढली होती. खालच्या मजल्यावरचा नक्कल करणारा मुलगासुद्धा आठवला मला. तो आता मोठा होऊन नोकरीला लागलाय. त्याला जाऊन अगो म्हण म्हणून सांगावं, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

आजी दर खेपेला विचारत नव्हती. ती नुसती माझ्या फोनकडे बघायची. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. मी दोनदा जाणं टाळलं, ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलं.

मग एका रविवारी काकाने सगळ्यांना बोलावलं. नवा टीव्ही घेतला होता, त्याच्यावर आजोबांच्या मुलाखती लावायच्या. नाही म्हणता येईना. आजोबा त्याच खुर्चीत, आजी शेजारी खाली सतरंजीवर, काकू शेंगा सोलत बसलेली. रिमोट माझ्याकडे, कारण फोल्डर माझं.

पहिली क्लिप, गाव सोडल्याची. पडद्यावरचे आजोबा बोलू लागले. किती दिवसांनी तो आवाज घरात आला होता. खुर्चीतले आजोबा हनुवटी वर करून स्वतःला ऐकत होते. गोष्ट संपली. मी ठेवलेला एक श्वास आला. त्या श्वासात पडद्यावरच्या आजोबांनी मान डावीकडे वळवली, ओठ उघडले, आणि चित्र थांबलं.

मी हे कधी पाहिलंच नव्हतं. कापताना मी आवाज ऐकत होते, चेहरा बघत नव्हते.

"ओ," आजी सतरंजीवरून म्हणाली.

काकू हसली. तिला वाटलं आजी गमतीने टीव्हीला उत्तर देतेय. मी दुसरी क्लिप लावली. गिरणीचा पहिला दिवस. शेवटी एक श्वास, मान डावीकडे, ओठ उघडलेले. संपलं.

"इलंय," आजी म्हणाली.

तिसरी. पुन्हा मान. पुन्हा ओठ. आजीने ह्या वेळी उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे वळली. रागावलेली दिसत नव्हती, शोधत असल्यासारखी बघत होती.

"फुडे खय आसा?"

"पुढे नाही, आजी."

"हेनी हाक मारलेली. मी आतसून आयकलेली."

"मी कापली." एवढं बोलून थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी पुढेही बोलत राहिले. जागा नव्हती, व्यत्यय वाटत होता, ऑफिसात असंच करतात, मला वाटलं नाही की. काकूने शेंग हातातच धरली होती. मला रडू फुटलं आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

आजी म्हणाली, "रडा नको. तुका काय म्हायत?" आणि मग, "पण माका एकदा इचारूक होया होता गो. मी थयच तर बसलेलंय."

हो. ती तिथेच बसली होती, भिंतीपलीकडे पाटावर, बांगड्या हाताने धरून, मी सांगितलं म्हणून. माझ्या एवढ्या मोठ्या यादीत तिच्यासाठी एकही प्रश्न नव्हता.

आजोबा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी पाटी घेतली नाही, टाळी वाजवली नाही. खुर्चीतून थोडे वाकले, मान तिच्याकडे वळवली आणि ओठ उघडले. आवाज आला नाही, गळ्यापुढचा पडदा नुसता हलला. पण शब्द तोच होता, शेवटचा लांब 'गो' ओठांवर नीट दिसत होता. आजी त्यांच्या पायाशीच बसलेली, ती वर बघून म्हणाली, "हयच आसंय."

फोन माझ्या मांडीवर होता. मी तो उचलला नाही.

मग आजीने हात पुढे केला आणि माझ्याकडून रिमोट मागून घेतला. कुठलं बटण पुढे नेतं ते काकूने तिला दाखवलं. आता ती एकटी असली की टीव्ही लावते, असं काकू सांगते. गाव नाही, गिरणी नाही, संप नाही, उत्तरं सगळी पुढे ढकलते, कारण ती तिला माहीत आहेत. प्रत्येक क्लिपच्या शेवटाशी येऊन थांबते. आजोबा मान वळवतात, तोंड उघडतात, चित्र संपतं. आजी "इलंय" म्हणते आणि पुढची लावते.